गच्ची साडेअकराशे फूट, मग सोलर नक्की किती किलोवॅटचं बसेल?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं स्वतंत्र घर आहे, तळमजला अधिक एक. सोलर बसवायचंय, तर दोन एजन्सीवाले येऊन गेले. पहिल्याने टेप काढली, लांबी-रुंदीचा गुणाकार केला आणि म्हणाला, "साडेअकराशे फूट गच्ची आहे, शंभर फुटाला एक किलोवॅट, म्हणजे ११ किलोवॅट आरामात." दुसरा अर्धा तास वर फिरला आणि खाली येऊन म्हणाला, "तीन बसतील. जास्त हवं तर सगळी गच्ची झाकणारं उंच स्ट्रक्चर घ्या, खर्च वाढेल." आम्हाला लागतंय साधारण पाच.

मापं देतो. कठड्याच्या आतून पूर्व-पश्चिम २९.५ फूट, दक्षिणोत्तर ३९.५ फूट. कठडा सव्वातीन फूट. नैऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली, १० बाय १५ फूट, लांब बाजू दक्षिणोत्तर, उंची ८ फूट. तिच्यावर अगदी कोपऱ्यात हजार लिटरची टाकी. टाकीचं झाकण गच्चीपासून १३ फुटांवर. आग्नेयेला सोलर वॉटर हीटर. आणि संडासाचा व्हेंट पाइप मधोमधच आलाय, पश्चिमेच्या कठड्यापासून साडेचौदा फूट, दक्षिणेपासून ३१ फूट, उंची सहा फूट. दोघांपैकी खरं कोण?

वायरमन_७२
दोघंही चूक. शंभर फुटांचा हिशेब जुन्या पॅनलचा. ३३५ वॅटचं पॅनल होतं तेव्हा ते १९६० बाय ९९२ मिलिमीटर असायचं, म्हणजे किलोवॅटला पावणेसहा चौरस मीटर. आता ५५० वॅटचं पॅनल २२७८ बाय ११३४ येतं. गुणाकार करा, २.५८ चौरस मीटर. भागिले ०.५५, म्हणजे किलोवॅटला ४.७ चौरस मीटर, पन्नास फूट. पाच किलोवॅटला अडीचशे फूट झाले की काम संपलं. साडेअकराशे फुटांत कुठेही बसवा.

सुमेधा_क
आमच्या हीटरच्या काचेच्या नळ्या दर वर्षी एक-दोन फुटतात. नाशिकच्या पाण्याला कुठला हीटर टिकतो, कुणी सांगेल का? गोदाकाठ, तुमचा कोणता आहे?

गोदाकाठ
सुमेधाताई, हीटरचा धागा वेगळा काढा ना, तिथे सांगतो. इथे विजेच्या पॅनलबद्दल चाललंय.

मोजपट्टी
वायरमनदादांचं पॅनलचं गणित बरोबर आहे, पण ते फक्त काचेचं क्षेत्रफळ झालं. पॅनल कापता येत नाही. दहा चौरस मीटर जागा एक मीटर रुंदीच्या पट्टीत मिळाली, तर त्यात उभी-आडवी कशीही ठेवा, ११३४ चं पॅनल बसणार नाही. म्हणून गच्चीला फुटांनी भागायचं नसतं, त्यात आयत किती बसतात ते मोजायचं असतं.

आलेखाचा कागद घ्या, एका मीटरला दोन सेंटिमीटर असं प्रमाण धरा. तुमची गच्ची १८ बाय २४ सेंटिमीटरची होईल आणि पॅनल ४६ बाय २३ मिलिमीटरचं. पुठ्ठ्याचे दहा-बारा तुकडे त्या मापाचे कापा. खोली, हीटर, पाइप कागदावर काढा. आता सावल्या काढल्या की उरलेल्या जागेत तुकडे सरकवत बसायचं. हे काम एजन्सीवाल्याने करायला हवं होतं, पण स्वतः केलं की कोण काय बोलतोय ते लगेच कळतं.

एक विचारू? हे दोघं कधी येऊन गेले?

गोदाकाठ
याच महिन्यात. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास. पहिला म्हणाला, "बघा, टाकीची सावलीच नाही तुमच्याकडे."

मोजपट्टी
मे महिन्यात नाशिकला दुपारी सावली शोधून सापडत नाही. विसाव्या अक्षांशावर आहात, मेच्या विशीत तुमच्याकडे शून्य सावली दिवसच येतो. त्या वेळी गच्ची बघून सावलीबद्दल काहीही ठरवू नका. सावली मोजायची २१-२२ डिसेंबरची.

त्या दिवशी सूर्य माध्यान्हीलाही साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो. एक मीटर उंचीच्या वस्तूची सावली तेव्हा उत्तरेकडे जवळजवळ ९५ सेंटिमीटर पडते. सौर वेळेने सकाळी नऊ आणि दुपारी तीनला, म्हणजे तुमच्या घड्याळात साधारण साडेनऊ आणि साडेतीनला, तीच सावली तिरकी होऊन उत्तरेकडे १.२६ मीटर आणि बाजूला १.३७ मीटर जाते. सकाळी पश्चिमेकडे, दुपारी पूर्वेकडे. नऊ ते तीन या वेळेत पॅनल मोकळं राहिलं की पुरे. त्याच्या अलीकडे-पलीकडे डिसेंबरात फारसं काही मिळत नाही, त्यासाठी जागा सोडू नये.

आणखी एक. उंची गच्चीच्या फरशीपासून धरायची नाही. पॅनलची खालची कड फरशीपासून अर्धा मीटर वर असेल तर अडथळ्याच्या उंचीतून तो अर्धा मीटर वजा करायचा.

गोदाकाठ
मग टाकीचीच सावली सगळ्यात लांब जाणार ना? वास्तुशास्त्रवाल्यांनी टाकी नैऋत्येला टाकायला लावली, आता तिथेच घोळ.

मोजपट्टी
टाकी उंच आहे खरी, पण ती खोलीच्याही मागच्या कोपऱ्यात आहे. मोजून बघू.

खोली ८ फूट म्हणजे २.४ मीटर. वजा अर्धा, उरले १.९. नऊ-तीनच्या गणिताने उत्तरेकडे २.४ मीटर सावली. खोलीची उत्तर भिंत दक्षिण कठड्यापासून साडेचार मीटरवर आहे. म्हणजे खोलीची सावली जाऊन थांबते ६.९ मीटरवर.

टाकीचं झाकण ४ मीटरवर, वजा अर्धा, साडेतीन. उत्तरेकडे ४.४ मीटर. पण टाकीची उत्तरेकडची कड कठड्यापासून पावणेदोन मीटरच्या आसपास असावी, म्हणजे तिची सावली संपते ६.२ ला. खोलीच्या सावलीच्याही आतच राहते. टाकी खोलीच्या उत्तरेकडच्या कडेवर असती तर मात्र आठ मीटर ओलांडून गेली असती आणि मग पाचचं स्वप्न सोडावं लागलं असतं. तेव्हा वास्तुवाल्यांवर या वेळी रागवू नका.

तर सात मीटरच्या उत्तरेला तुमच्याकडे पूर्ण रुंदीची, पाच मीटर खोल अशी मोकळी पट्टी आहे. पूर्व-पश्चिम कठड्यांची सावली सांभाळायला दोन्हीकडे ७० सेंटिमीटर सोडले की रुंदी उरते ७.६ मीटर. कठडा एक मीटर, पॅनलची कड अर्ध्यावर, म्हणून अर्ध्या मीटरचीच सावली धरायची. उत्तरेच्या कठड्याची सावली डिसेंबरात येतच नाही, तिथे फक्त माणूस जाईल एवढी जागा ठेवायची.

आता तुकडे. पॅनल उभं ठेवलं तर रुंदी ११३४, मध्ये क्लॅम्पचे २० मिलिमीटर. साडेसात मीटरमध्ये सहा बसतात, ६.९ मीटर होतात. एकाच टेबलावर, म्हणजे एकाच उतरत्या सांगाड्यावर, दोन उभी पॅनल एकावर एक घेतली तर उताराची लांबी ४.५८ मीटर. १५ अंशांच्या उताराला जमिनीवरची खोली ४.४२ मीटर होते. सात मीटरच्या किंचित पुढून सुरू केलं तर साडेअकराला संपतं. मागे अर्धा मीटर उरतो. सहा गुणिले दोन, बारा पॅनल, ६.६ किलोवॅट. पाच हवेत तर दहा पॅनल घ्या.

वायरमन_७२
म्हणजे मी बोललो तेच झालं की. बारा पॅनल साडेतीस चौरस मीटरवर. किलोवॅटला पन्नास फूट.

मोजपट्टी
टेबलाखालची जागा मोजली तर पन्नास. अख्खी गच्ची भागिले ६.६ केलं तर किलोवॅटला पावणेदोनशे फुटांच्या वर जातं. एकाच गच्चीचे हे दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून फुटाच्या भावाने सांगणाऱ्याला पहिलं हेच विचारायचं, की कुठले फूट?

आणि पन्नास जमले ते एकच टेबल असल्यामुळे. दोन-तीन रांगा एकामागे एक लावल्या असत्या तर प्रत्येक रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते. १५ अंशांना एका उभ्या पॅनलची मागची कड ५९ सेंटिमीटर वर जाते. गुणिले १.२६, पाऊण मीटर अंतर रांगांमध्ये सोडावं लागतं. मग तेच पॅनल २.२ ऐवजी जवळपास तीन मीटर खोली खातं आणि किलोवॅट ६६ फुटांवर जातं. त्यात कडेच्या वाटा आणि पाइप-टाक्यांचे तुकडे मिळवले की शंभरचा आकडा येतो. तो वेडगळ नाही. पण तो सरकारी योजनेच्या फॉर्मवर अंदाज भरायला ठीक, तुमच्या गच्चीवर माप म्हणून चालत नाही.

गोदाकाठ
समजलं. आता त्या पाइपाचं काय? तो नेमका तुमच्या टेबलाच्या मधोमध उभा आहे. दुसऱ्या एजन्सीवाल्याने बहुतेक त्यामुळेच फक्त पाइपाच्या पूर्वेची बाजू धरली असावी.

मोजपट्टी
बरोबर ताडलंत. पूर्वेला तीन रुंद, दोन उंच, सहा पॅनल, ३.३ किलोवॅट. त्याचे तीन तिथूनच आले असणार. माणूस सावली बघणारा आहे, त्याला सोडू नका.

तुमच्याकडे ७.६ मध्ये ६.९ वापरले, ७० सेंटिमीटर उरतात. ती शिल्लक कडेला ठेवण्याऐवजी मध्ये आणा. पश्चिमेला तीन रुंद, पूर्वेला तीन, मध्ये ७० ची फट. पश्चिम कठड्यापासून ती फट ४.१४ ते ४.८६ मीटरवर येते. तुमचा पाइप साडेचौदा फूट म्हणजे ४.४ वर. बरोबर फटीत.

पुणेकर_गच्चीवाला
हाफ कट पॅनलला सावली चालते हो, उगाच इतकं मोजत बसू नका. पाइपासारख्या बारक्या सावलीने काय फरक पडतो?

मोजपट्टी
चालते, पण किती ते बघा. हाफ कट पॅनलचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा चालतो. त्यामुळे उभ्या पॅनलच्या खालच्या कडेवर सावली आली तर अर्धं पॅनल वाचतं. पण त्यातलं एक सेल रुंदीला १८२ आणि उंचीला ९१ मिलिमीटर असतं. ११० चा पाइप जवळ उभा असला की त्याच्या सावलीत सेलचा मोठा भाग काळा होतो. मग त्या सेलच्या जोडीचा गट डायोडवर जातो, म्हणजे वीज त्याला वळसा घालते, आणि पॅनलचा तिसरा हिस्सा गेला. केबल टीव्हीची वायर वरून गेली असेल तर तिची सावली मीटरभरातच फिकी होते. ११० च्या पाइपाची सावली दहा मीटरपर्यंत मध्यभागी गडदच राहते. बोटाएवढी वायर आणि हाताएवढा पाइप यांना एक धरू नका.

इथे पाइप सहा फूट आहे. टेबल त्या ठिकाणी फरशीपासून १.१४ मीटर वर आलेलं असेल. म्हणजे पाइपाचे ७० सेंटिमीटर पॅनलच्या वर डोकावतात. दुपारी तीनला त्याची सावली फट ओलांडून पूर्वेच्या पॅनलवर चढते, सकाळी नऊला पश्चिमेच्या.

पुणेकर_गच्चीवाला
मग ऑप्टिमायझर लावा. विषय संपला.

मोजपट्टी
ऑप्टिमायझरने शेजारची पॅनल वाचतात. ज्याच्यावर सावली आहे त्याचं गेलेलं परत येत नाही. थोडंसं प्लंबिंग करून सावलीच काढता येत असेल तर दहा पॅनलना दहा यंत्रं कशाला?

अनामिका_सातारा
आमच्याकडे एजन्सीवाल्याने व्हेंट पाइप फरशीलगत कापून वर टोपी ठोकून दिली. "आता सावली नाही," म्हणाला. आठवड्यात बाथरूममध्ये गटाराचा वास. फ्लश केला की खालच्या जाळीत गुडगुड आवाज. कृपा करून पाइप बंद करू देऊ नका.

नळ_आणि_नळी
ताईंचं अगदी खरं. फ्लशचं पाणी खाली जाताना मागे हवा लागते, ती व्हेंटमधून येते. व्हेंट बंद केला की ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि वासाला वाट मोकळी होते.

गोदाकाठ, पाइप कापू नका, सरकवा. फरशीच्या थोडा वर दोन ४५ चे बेंड घालून उत्तरेच्या कठड्यापर्यंत न्या आणि तिथे उभा करा. आडवा भाग अडीच मीटरच्या आसपास होईल. त्याला मूळ पाइपाकडे उतार ठेवा, नाहीतर आत साचणारं पाणी मध्येच अडतं. वर जाळीची टोपी, बंद टोपी नाही. ९० चे एल्बो टाळा. आणि प्लंबरला मसाला-सिमेंट लावून आधाराशिवाय सोडू देऊ नका, उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतो, क्लॅम्प मारून घ्या.

मोजपट्टी
आणि उत्तरेला गेला की मग तो आठ फुटी असला तरी हरकत नाही, डिसेंबरात त्याची सावली गल्लीत पडेल. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडून येतो तेव्हा सकाळी-संध्याकाळी थोडी दक्षिणेकडे येईल, पण एक मीटर उंचीला वीस सेंटिमीटर, त्यातही तेव्हा निम्मे दिवस ढग.

फट मात्र ठेवाच. दोन उंच पॅनलचं टेबल खालून वरपर्यंत साडेचार मीटर आहे. खालच्या कडेने उभं राहून वरच्या पॅनलपर्यंत वायपर पोचत नाही. मध्ये वाट असेल तर बाजूने पुसता येतं. पॅनलवर पाय ठेवून चढणारी पोरं पाहिली आहेत मी. काचेला काही होत नाही, आत सेलला बारीक चिरा जातात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

अलिबागकर
एवढी कसरत कशाला? आठ फुटी उंच स्ट्रक्चर करा, टाकी-पाइप-हीटर सगळं खाली, वर अख्खी गच्ची पॅनल. मी तेच केलंय. खाली गाडीच्या शेडसारखी सावली, मुलं खेळतात.

वायरमन_७२
अलिबागला उंच स्ट्रक्चर? २०२० साली निसर्ग वादळ तुमच्याच किनाऱ्याला आलं होतं ना?

अलिबागकर
आलं होतं, माझं त्यानंतरचं आहे. म्हणूनच आठ पायांऐवजी बारा पाय घेतले आणि प्रत्येक पाय कॉलमच्या डोक्यावर आणलाय. शेजारच्यांचं कठड्यावर टेकवलेलं होतं, त्यांचं कठड्यासकट गेलं.

मोजपट्टी
अलिबागकर, तुम्ही पाय कॉलमवर आणलेत म्हणून तुम्हाला जमलं. पण गोदाकाठांच्या बाबतीत आठ फूट उंच केलं तरी टाकी १३ फुटांवर आहे, ती तशीही वर डोकावणारच. खोलीची सावली मात्र जाईल, हे मान्य. त्यांना ११ हवे असते तर मीही उंचच म्हणालो असतो. पाचसाठी लोखंड, वारा आणि दर वेळी शिडी लावून धुणं, हा सौदा मला पटत नाही.

अलिबागकर
धुणं पाइपलाइन आणि स्प्रिंकलरने होतं. एकदा खर्च करा, जागा दुप्पट मिळते. उद्या इलेक्ट्रिक गाडी आली की पाच किलोवॅट पुरत नाहीत, तेव्हा पुन्हा सगळं उपटणार का?

गोदाकाठ
गाडीचं खरंच डोक्यात नव्हतं. पण आईचं वाळवण गच्चीवर असतं. कुरडया-पापडांना ऊन हवं, सावली नको. दक्षिणेचा भाग मोकळा राहिला की घरात शांतता. सध्या दहा पॅनल, आणि दोनची जागा राखून ठेवतो. उतार १५ च्या ऐवजी ५ केला तर जागा आणखी वाचेल का?

मोजपट्टी
तुमच्या एका टेबलात काहीच वाचणार नाही, उलट खोली चौदा सेंटिमीटर जास्त लागेल. पाच अंशांवर धूळ धुऊन जात नाही, पावसाचं पाणी खालच्या फ्रेमला अडून तिथे चिखलाची पट्टी बसते. ती पट्टी म्हणजे खालच्या ओळीच्या सगळ्या सेलवर कायमची सावली. दहाच्या खाली जाऊ नका.

कोटेशन घेताना डेटाशीटवरची लांबी-रुंदी लिहून घ्या. सबसिडीसाठी भारतीय सेलची पॅनल लागतात, त्यात ५२० पासून ५५० पर्यंत काहीही मिळतं आणि मापही थोडं सरकतं. तुमच्या सहाच्या रांगेत फट धरली तर शिल्लक नाही. पॅनल चार सेंटिमीटर जास्त रुंद आलं तर फट २४ सेंटिमीटरने बारीक होईल, वाट गेली.

गोदाकाठ
हे छान सांगितलंत. एकच राहिलं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे, वर चायना मोझॅक. पहिला एजन्सीवाला म्हणाला, "अँकर बोल्ट मारून देतो, पाणी नाही येणार, केमिकल भरतो."

नळ_आणि_नळी
मारू देऊ नका. कोब्यात विटांचे तुकडे आहेत, बोल्ट त्यांना धरतो, स्लॅबला नाही. वारा आला की हलतो आणि तिथून पाणी. कोबा चार-पाच इंच असतो, बोल्ट त्याच्या खाली पोचतच नाही.

मोजपट्टी
काँक्रीटचे ठोकळे फरशीवर ओतून त्यात पाय पुरणं हा नेहमीचा मार्ग आहे. पण हे टेबल मागे १.७ मीटर वर जातंय, उत्तरेचा वारा खालून शिरला की उचलतो. मागच्या पायांचे ठोकळे किती किलोचे, ते गणित एजन्सीकडून लेखी घ्या. "नेहमी असेच करतो" हे उत्तर नाही.

अलिबागकर
आणि ते ठोकळे बीमच्या वर येतात का तेही बघा. नुसत्या स्लॅबच्या मध्यावर दहा-बारा ठोकळे ठेवायला मी तयार झालो नसतो.

गोदाकाठ
बीम कुठे आहेत ते खालच्या खोल्यांतून दिसतात, फॉल्स सीलिंग नाही. उद्या मापून कागदावर काढतो. पाइप उत्तरेला सरकवून घ्यायचं तर नक्की केलं, प्लंबर रविवारी येतोय. दुसऱ्या एजन्सीवाल्यालाही त्याच दिवशी बोलावलंय, पुठ्ठ्याचे तुकडे त्याच्यासमोर ठेवतो.

सुमेधा_क
हीटरचा नवीन धागा काढला आहे. गोदाकाठ, तिथे या.